बारा सीटांचा हिशेब

मुलचेऱ्याच्या चौकात ऑटो उभे असतात, पण त्यांचे भाडे मीटर ठरवत नाही. ते ठरते बोलण्यातून. बाहेरून आलेला शिक्षक, बदलीवर आलेली आरोग्यसेविका, लग्नाला आलेला पाहुणा किंवा पोराला दवाखान्यात नेणारी आई ऑटोजवळ जाते आणि विचारते, "किती घेता भाऊ?" समोरून आकडा येतो. तो आकडा जास्त आहे की वाजवी, हे विचारणाऱ्याला कळत नाही, कारण मनात त्याचा स्वतःचा आकडाच नसतो. मग तो सवयीने निम्मा सांगतो, ऑटोवाला थोडा उतरतो, आणि मधे कुठेतरी सौदा ठरतो. दोघेही थोडे नाराज होऊन गाडीत बसतात. असे ठरलेले भाडे वाजवी असेलच असे नाही. कधी प्रवासी जास्त देतो, तर कधी ऑटोवाल्याच्या खिशातून जाते.

हा लेख त्या मनातल्या आकड्याविषयी आहे. ऑटोजवळ जाण्यापूर्वी तो स्वतः काढता येतो. त्यासाठी लागते एसटीचे एक तिकीट, रस्त्याची थोडी माहिती आणि परतीच्या वाटेचा विचार. तिसरी गोष्ट बहुतेक लोक विसरतात आणि सगळा वाद तिच्यावरूनच होतो.

गाव, रस्ता आणि वाहन

मुलचेरा हा गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा, जंगलाने वेढलेला तालुका. मराठी, गोंडी, तेलुगू आणि बंगाली अशा चारही भाषा इथे ऐकू येतात. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना साठ-सत्तरच्या दशकात या पट्ट्यात वसवले गेले. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही त्यांचीच गावे. आष्टीहून आलापल्लीकडे जाणारा मोठा रस्ता लगामवरून जातो, आणि त्याच्या फाट्यांवरून आत गेले की तालुक्यातली गावे लागतात. मुलचेऱ्याला रेल्वे नाही. बाहेरून येणारा बल्लारशाहला उतरतो, वैनगंगा ओलांडून आष्टीला येतो आणि तिथून पुढे एसटी किंवा काळीपिवळी पकडतो.

एसटी आहे, पण तिच्या फेऱ्या मोजक्या असतात. फेरी चुकली किंवा गाव रस्त्यापासून आत असले, की दोन मार्ग उरतात. एक म्हणजे सीट: ऑटोत किंवा काळीपिवळीत इतर सवाऱ्यांबरोबर बसायचे आणि आपल्या एका जागेचे पैसे द्यायचे. दुसरा म्हणजे स्पेशल: गाडी पूर्ण आपल्यासाठी घ्यायची, सवारी भरेपर्यंत थांबायचे नाही आणि मधे दुसरे कोणी घ्यायचे नाही. सीटचा दर सगळ्यांना ठाऊक असतो, तो रोज ठरलेला असतो आणि त्यावर घासाघीस होत नाही. भांडण होते ते स्पेशलवरून. अॅपवर गाडी बोलावून भाडे आधी पाहण्याची सोय मोठ्या शहरांपुरती आहे. म्हणून स्पेशलचा हिशेब स्वतःच करावा लागतो.

सरकार भाडे कसे ठरवते

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६७ नुसार प्रवासी वाहनांच्या भाड्याबाबत निर्देश देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. मुंबई महानगरात हे दर महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण ठरवते आणि इतरत्र प्रादेशिक परिवहन प्राधिकरणे. दर कशावर ठरवायचा, यासाठी महाराष्ट्राने आजवर समित्या नेमल्या. त्यांतल्या बी. सी. खटुआ यांच्या अध्यक्षतेखालील समितीची नेमणूक २०१६ मध्ये झाली आणि २०२० मध्ये शासनाने तिच्या शिफारशी स्वीकारल्या. या पद्धतीत वाहनाची किंमत, इंधन, देखभाल, विमा आणि कर, तसेच चालकाच्या पोटापाण्याचा खर्च एकत्र धरून किलोमीटरमागे दर काढला जातो. म्हणजे भाडे हे चालकाच्या मर्जीवर नाही तर खर्चावर उभे असते. मुलचेऱ्याच्या चौकातल्या सौद्यालाही हेच तत्त्व लावता येते.

१ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत ऑटोरिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे किमान भाडे २६ रुपये आहे आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. हे आकडे जवळ ठेवावेत, पण मुलचेऱ्याला ते जसेच्या तसे लावू नयेत. मुंबईत प्रवासी उतरला की पुढच्याच चौकात दुसरा हात दाखवतो, गाडी रिकामी फार वेळ धावत नाही आणि मीटर एकेरी अंतर मोजून थांबतो. मुलचेऱ्यात ऑटो एखाद्या वस्तीवर सवारी सोडून मोकळा झाला, की तिथून मुलचेऱ्यापर्यंत सवारी मिळेलच असे नाही. ऑटोवाले हीच गोष्ट एका वाक्यात सांगतात: "तिकडून खाली याव लागते जी." परतीची गाडी खाली येणार असेल, तर तिचे पेट्रोल कोणीतरी भरलेच पाहिजे. स्पेशलच्या भाड्यात ते तुम्ही भरत असता.

पहिली फूटपट्टी: एसटीचे तिकीट

अंदाज सुरू करायचा तो एसटीच्या तिकिटापासून. एसटीचे भाडे टप्प्यावर असते आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा. २५ जानेवारी २०२५ रोजी भाडेवाढ झाली तेव्हापासून साध्या गाडीचा टप्प्याचा दर १० रुपये ५ पैसे आहे. आधी तो ८ रुपये ७० पैसे होता. म्हणून तिकिटाची रक्कम पाहून अंतराचा अंदाज उलट दिशेनेही काढता येतो. पूर्ण तिकीट ३० रुपयांच्या आसपास असेल तर तीन टप्पे झाले, म्हणजे अंतर १२ किलोमीटरहून जास्त पण १८ च्या आत. ५० च्या आसपास असेल तर पाच टप्पे, म्हणजे अंतर २४ ते ३० किलोमीटरच्या दरम्यान. टप्पा पूर्ण होण्याआधी उतरले तरी पैसे पूर्ण टप्प्याचे लागतात, त्यामुळे तिकीट अंतराची वरची बाजू दाखवते. नेमके अंतर रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून किंवा मोबाइलवरच्या नकाशावरून घ्यावे. नकाशा आधीच उतरवून ठेवावा, कारण जंगलात नेटवर्क सतत मिळेल याचा भरवसा नसतो.

इथे एक चूक फार होते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे. घरातली बाई रोज ज्या गावाला १५ रुपयांत जाते, त्या गावाचे खरे तिकीट ३० रुपये असते. उरलेले पैसे शासन एसटीला देते. ऑटोवाल्याला तसे कोणी देत नाही. १५ रुपये मनात ठेवून ऑटोशी बोलायला गेले, तर समोरचा लुबाडतोय असेच वाटेल आणि बोलणे पहिल्याच वाक्यात बिघडेल. म्हणून नेहमी पूर्ण तिकीट धरावे.

ऑटोची किंवा काळीपिवळीची सीट एसटीच्या पूर्ण तिकिटापेक्षा थोडी जास्त असते. त्या बदल्यात गाडी लवकर मिळते आणि गावाच्या आतपर्यंत जाते. १८ किलोमीटरच्या वाटेला एसटी ३० रुपये घेत असेल, तर ऑटोची सीट ४० रुपये धरायला हरकत नाही. चौकातल्या किराणा दुकानात किंवा औषधांच्या दुकानात विचारले की त्या दिवशीचा सीटचा खरा दर कळतो. विचारताना "ऑटो किती घेतो?" असे न म्हणता "एका सीटचे किती पडतात?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला लोक स्पेशलचा आकडा सांगतात आणि घोळ सुरू होतो.

एक फेरी उलगडून पाहू

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. मुलचेऱ्याहून १८ किलोमीटरवरच्या एका आतल्या वस्तीवर जायचे आहे. रस्ता डांबरी आहे, काही ठिकाणी उखडलेला. दिवस कोरडा आहे आणि वेळ दुपारची. घरातल्या तिघांनी ऑटो स्पेशल घ्यायचा आहे. परतीला ऑटोला सवारी मिळण्याची शक्यता नाही. मग गाडी एकूण ३६ किलोमीटर धावणार.

पहिला खर्च इंधनाचा. ओझे घेऊन आणि खड्ड्यांतून असा ऑटो पेट्रोलवर लिटरला २५ किलोमीटर देईल असे धरू. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरू. ३६ किलोमीटरला १.४४ लिटर लागते, म्हणजे १५१ रुपये. पंपावरचा त्या दिवसाचा भाव वेगळा असेल तर हा आकडा लगेच बदलता येतो.

दुसरा खर्च गाडीचा. तो दिसत नाही आणि प्रवासी तो हिशेबात धरत नाहीत. कर्जाचा हप्ता महिन्याला ७,००० रुपये, विमा-कर-फिटनेस यांचा महिन्याचा वाटा १,५०० आणि टायर, ऑइल, ब्रेक, किरकोळ दुरुस्ती मिळून २,००० असे धरले, तर महिन्याला १०,५०० रुपये होतात. आता गाडी महिन्यात किती धावते ते पाहू. रोज ८० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर २,००० किलोमीटर. १०,५०० ला २,००० ने भागले की किलोमीटरमागे सव्वापाच रुपये येतात. ३६ किलोमीटरचे १८९ रुपये. इथे एक बारकावा आहे. शहरातला ऑटो रोज दुप्पट धावत असेल, तर तोच हप्ता दुप्पट किलोमीटरवर वाटला जातो आणि किलोमीटरमागे बोजा कमी होतो. जिथे सवारी कमी, तिथे गाडी उभी राहते आणि हप्ता मात्र थांबत नाही. लहान गावातले भाडे किलोमीटरमागे शहराहून जास्त का दिसते, याचे हे एक सरळ कारण आहे.

तिसरा खर्च चालकाच्या वेळेचा. दिवसभर राबून त्याच्या हातात खर्च वजा जाता ६०० रुपये उरावेत असे मानू आणि दिवस आठ तासांचा धरू. म्हणजे तासाला ७५ रुपये. उखडलेल्या रस्त्याने १८ किलोमीटरला जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास आणि बसणे-उतरणे, सामान चढवणे यात अर्धा तास, असे दोन तास जातात. त्यांचे १५० रुपये.

तिन्ही मिळून १५१, १८९ आणि १५० म्हणजे ४९० रुपये. गोल करून ५०० धरू. मनातला आकडा तयार झाला.

तोच आकडा दुसऱ्या वाटेने

एकाच पद्धतीवर विसंबू नये. ४९० रुपये बरोबर आहेत का, हे सीटच्या दराने तपासता येते. याच वाटेची सीट ४० रुपये धरली आहे. जाताना सहा सवाऱ्या आणि येताना सहा सवाऱ्या, असे बारा सीटांचे ४८० रुपये होतात. खर्चाच्या हिशेबाने आलेला आकडा आणि सीटच्या हिशेबाने आलेला आकडा जवळजवळ सारखा आहे. स्पेशल घेणे म्हणजे जाण्याच्या सहा आणि येण्याच्या सहा, अशा बारा सीटा विकत घेणे. तुम्ही तीन जण बसलात म्हणून तीन सीटांचेच पैसे होत नाहीत. उरलेल्या नऊ सीटा तुम्ही रिकाम्या ठेवून घेतल्या आहेत आणि त्यांचीही किंमत आहे.

या बारा सीटांच्या हिशेबातून आणखी एक गोष्ट उघड होते आणि ती सुरक्षिततेची आहे. ऑटोच्या परवान्यावर साधारण तीनच प्रवाशांची मुभा असते. तीन सवाऱ्या जाताना आणि तीन येताना घेतल्या, तर ४० रुपयांच्या सीटने २४० रुपये मिळतात. खर्च ४९० चा आहे. म्हणजे परवान्यात बसेल एवढीच सवारी घेतली तर सीटच्या धंद्यात चालकाला निम्माही खर्च नीट निघत नाही. म्हणून ऑटो भरल्याशिवाय निघत नाही, म्हणून चालकाच्या शेजारीही सवारी बसते. ही गर्दी धोक्याची आहे आणि अपघात झाला तर विम्याचा प्रश्नही उभा राहतो. तिचे मूळ मात्र सीटच्या दरात आणि कमी फेऱ्यांत आहे. ज्यांना दवाखान्यातून आलेल्या माणसाला किंवा गरोदर बाईला न्यायचे आहे, त्यांनी सीटने जाऊ नये. स्पेशलच्या ५०० रुपयांत त्यांना गर्दीपासूनची मोकळीकही मिळते.

तिसरी तपासणी मुंबईच्या मीटरने. १८ किलोमीटर एकेरी मीटरने जाताना २६ अधिक साडेसोळा किलोमीटरचे २८३ म्हणजे ३०९ रुपये होतात. ही एकेरी वाट. खाली परतीही त्याच दराने धरली तर ६१८. आपला ५०० चा आकडा या दोन्हींच्या मधे बसतो. म्हणजे कोरड्या दिवशी, डांबरी रस्त्याने, याच वाटेला कोणी ६५० च्या पुढे मागत असेल तर कारण विचारावे. आणि आपणच ३०० सांगत असू तर चालकाकडून गाडीचा खर्च फुकटात मागत आहोत हे समजावे, कारण ३०० मध्ये फक्त पेट्रोल आणि त्याच्या दोन तासांची मजुरी निघते. इतक्या कमी दरात कोणी तयार झाला तर काय होते, तेही ठरलेलेच आहे. वाटेत दुसरी सवारी बसते, किंवा ऑटो गावात न जाता फाट्यावरच थांबतो आणि पुढे पायी जावे लागते.

भाडे कमी कधी होते

वरचा हिशेब एका अटीवर उभा होता: परती खाली आहे. ही अट सुटली की भाडे लगेच खाली येते, आणि ती कधी सुटते हे मुलचेऱ्यात राहणाऱ्याला सहज ओळखता येते.

सकाळी गावातले लोक कामासाठी, बाजारासाठी, तहसीलसाठी मुलचेऱ्याकडे येतात. त्यांना आणण्यासाठी ऑटो सकाळी गावाकडे तसाही जाणार असतो, आणि बहुतेक वेळा खालीच. त्या वेळी तुम्हाला मुलचेऱ्याहून त्याच गावाकडे जायचे असेल, तर परतीच्या सहा सीटा गावातून भरून येणार आहेत. त्यांचे २४० रुपये त्याला मिळणारच आहेत. तुम्ही जाण्याच्या बाजूचेच पैसे दिले, म्हणजे २५० ते ३०० रुपये, तरी त्याचा हिशेब जुळतो. संध्याकाळी उलट होते. गावाकडे परतणाऱ्या सवाऱ्यांनी ऑटो भरलेला असतो. त्या वेळी स्पेशल मागितला तर तो या सवाऱ्या सोडून तुम्हाला नेतो, आणि परतही खाली येतो. मग पूर्ण ५०० वाजवी आहेत.

आठवडी बाजाराच्या दिवशी हा प्रवाह आणखी ठळक असतो. सकाळी बाजाराच्या गावाकडे आणि संध्याकाळी तिथून बाहेर. प्रवाहाच्या उलट दिशेला जाणाऱ्याला ऑटो स्वस्त पडतो, प्रवाहाबरोबर जाणाऱ्याला सीट स्वस्त पडते आणि स्पेशल महाग. म्हणून घाई नसेल तर दिशा आणि वेळ पाहून निघावे. भाड्यातली सर्वांत मोठी बचत यातच आहे. दहा-वीस रुपयांसाठी शब्द वाढवून ती मिळत नाही.

भाडे वाढते कधी

पावसाळ्यात रस्ता बदलतो. नाल्यावर पाणी असले की लांबचा फेरा घ्यावा लागतो. खड्ड्यांत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर गाडी चालते. मोठ्या रस्त्यावरही गेल्या काही वर्षांत सुरजागडच्या लोहखनिजाची ट्रकवाहतूक असल्याने रस्त्याची झीज आणि गाडीचा वेग दोन्ही हिशेबात घ्यावे लागतात. आपल्याच उदाहरणात लिटरला २५ ऐवजी १८ किलोमीटर मिळाले, तर ३६ किलोमीटरला दोन लिटर म्हणजे २१० रुपये लागतात. गाडीची झीज वाढून १८९ चे २३० होतात. वेळ दोनऐवजी तीन तास लागतो, त्याचे २२५. बेरीज ६६५. कोरड्या दिवसापेक्षा ही रक्कम १७५ ने जास्त आहे आणि ती मागणारा ऑटोवाला लबाडी करत नाही. त्याला एकच विचारावे: रस्ता खरोखर बंद किंवा वाईट आहे का? हे आधी त्या गावाहून आलेल्या माणसाकडून किंवा एसटीच्या वाहकाकडून कळू शकते.

रात्रीचे भाडेही जास्त असते. मुंबईत मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत मीटरवर २५ टक्के जास्त घेता येते. मुलचेऱ्यात रात्र याहून लवकर होते. अंधार पडल्यावर रस्त्यावर गाड्या कमी असतात, जंगलात जनावरांचा वावर असतो आणि एकट्याने खाली परत यायचे असते. सूर्यास्तानंतर चौथा हिस्सा जास्त देणे वाजवी आहे, म्हणजे ५०० चे ६२५. दुप्पट मागितले तर त्याचे कारण खर्चात सापडणार नाही.

थांबण्याचे पैसे वेगळे. दवाखान्यात दोन तास, बँकेत एक तास थांबायला सांगितले तर तो वेळ चालकाच्या दिवसातून जातो. तासाला ७५ ते १०० रुपये आधीच सांगून टाकावेत. जीप किंवा काळीपिवळी घेतली तर इंधन आणि हप्ता दोन्ही वाढतात. लिटरला १२ किलोमीटर देणारी डिझेल जीप ३६ किलोमीटरला तीन लिटर पिते. डिझेल ९२ रुपये धरले तर २७६. गाडीचा खर्च किलोमीटरमागे नऊ रुपये धरून ३२४, मजुरी १५०, एकूण ७५०. म्हणजे जीप ऑटोच्या दीडपट. आठ जण जाणार असतील तर दोन ऑटोंना १,००० देण्यापेक्षा जीप परवडते. तिघांसाठी जीप घेणे परवडत नाही.

बोलणे कसे करावे

हिशेब झाला की बोलणे सोपे होते. मग घासाघीस करावी लागत नाही, फक्त कारणे मांडावी लागतात. पण बोलताना पाच गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात, कारण वाद भाड्याच्या आकड्यावरून कमी आणि या गोष्टींवरून जास्त होतात. सांगितलेले पैसे एका माणसाचे आहेत की पूर्ण गाडीचे? गाडी फाट्यापर्यंत येणार की घराच्या दारापर्यंत? सामान किती आहे, दिवाळीच्या सुमारास धानाचे पोते बरोबर आहे का? थांबायचे आहे का आणि किती वेळ? वाटेत दुसरी सवारी घ्यायची की नाही?

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. "दोनशे" असे दोघांनीही मान्य केले आणि उतरताना ऑटोवाला "माणशी दोनशे" म्हणाला, तर तिघांचे सहाशे होतात. दोघेही खरे बोलत असतात, फक्त दोघांच्या मनातला दोनशे वेगळा होता. म्हणून आकडा उच्चारताना "पूर्ण गाडीचे, जाऊन सोडण्याचे" एवढे शब्द जोडावेत.

बोलणे असे होऊ शकते:

"भाऊ, अमुक वस्तीवर जायचं आहे, आम्ही तिघं. स्पेशल. पूर्ण गाडीचे किती?"

"सहाशे पडतील. तिकडून खाली याव लागते."

"खाली याव लागते, ते खरं आहे. सीट चाळीसची आहे ना? जायच्या सहा, यायच्या सहा, चारशे ऐंशी होतात. दारापर्यंत सोडा, वाटेत सवारी घेऊ नका, पाचशे देतो."

"रस्ता खराब आहे जी."

"पाऊस असता तर जास्त दिले असते. आज कोरडं आहे. पाचशे ठरवू या."

या संभाषणात परतीची गोष्ट प्रवाशानेच आधी मान्य केली आहे, आणि त्यामुळे ऑटोवाल्याकडे जास्त मागायला नवे कारण उरत नाही. त्याचा खर्च कोणाला तरी कळतो, हे त्याला दिसते. बहुतेक सौदे इथेच जुळतात. जुळलाच नाही तर दुसऱ्या ऑटोकडे जावे, पण पहिल्याचा आकडा त्याच्याविरुद्ध वापरू नये. उद्या याच चौकात पुन्हा त्याचीच गाडी लागेल.

एक गोष्ट मात्र सौद्याबाहेर ठेवावी. जीवाची आणीबाणी असेल तर घासाघीस करत बसू नये. १०८ वर फोन करावा. ती रुग्णवाहिका मोफत आहे. गरोदर बाई आणि नवजात बाळासाठी १०२ ही सेवाही मोफत आहे. गाडी यायला वेळ लागणार असे कळले आणि ऑटोनेच न्यायचे ठरले, तर दर नंतर हिशेबाने द्यावा. त्या वेळी भाड्यावर बोलत बसण्याचा एक मिनिटही महागात पडू शकतो.

दरफलक हवा

मुंबईत शेअर रिक्षांच्या मार्गांचे दर परिवहन प्राधिकरण मंजूर करते. मोठ्या स्थानकांवर प्रीपेड बूथ असतात आणि प्रवासी पावती घेऊन बसतो. मुलचेऱ्यासारख्या तालुक्याला बूथ लागत नाही, एक फलक पुरतो. चौकातल्या थांब्यावर ऑटोचालकांनी, नगर पंचायतीने आणि गडचिरोलीच्या परिवहन कार्यालयाने मिळून दहा-पंधरा प्रमुख गावांचे चार रकाने लिहावेत: सीट, स्पेशल, रात्रीचा स्पेशल आणि थांबण्याचा तासाचा दर. पावसाळ्यासाठी एक वेगळी ओळ. पेट्रोलचा भाव ठरावीक मर्यादेपलीकडे बदलला की फलक पुन्हा लिहायचा.

त्या फलकाचा आधार हाच हिशेब असू शकतो: इंधन, गाडी, वेळ आणि बारा सीटा. प्रवाशाला त्यात फसवणुकीची भीती राहणार नाही. चालकालाही प्रत्येक सवारीसमोर आपल्या खाली परतीची बाजू पुन्हा पुन्हा मांडावी लागणार नाही. परवान्याएवढ्याच सवाऱ्या घेऊनही गाडी पुरेल असा सीटचा दर त्यात ठरला, तर ऑटोत परवान्यापेक्षा जास्त जण बसवण्याचा दबावही कमी होईल. त्यासाठी सीट ४० ची ८० च्या आसपास करावी लागली, तर ती वाढ प्रवाशांना समजावून सांगता येईल, कारण तिच्यामागचे आकडे फलकावर सगळ्यांसमोर असतील. फलक होईपर्यंत प्रत्येकाने आपला आकडा स्वतः काढून मगच ऑटोजवळ जावे.